जेलला फक्त लांबी कळते

नंदुरबार किंवा गडचिरोलीकडच्या शाळांत सिकलसेलची तपासणी होते तेव्हा आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करतात. ती पॉझिटिव्ह आली तरी मूल रुग्ण आहे की नुसते वाहक, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी रक्ताची दुसरी तपासणी लागते, आणि ती बऱ्याचदा इलेक्ट्रोफोरेसिसची असते. रक्तपेशी फोडून आतले हिमोग्लोबिन एका पट्टीवर ठेवतात आणि वीज सोडतात. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन ‘ए’ पुढे सरकते, सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन ‘एस’ त्याच्या मागे राहते. वाहकाच्या रक्तात दोन्ही ठिकाणी ठसठशीत रेघ उमटते. घोळ होण्याचे फारसे कारण नाही.

आता हेच तीन नमुने एखाद्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन एसडीएस जेलवर चालवा. निरोगी, वाहक आणि रुग्ण या तिघांच्या रांगेत त्याच जागी, तशीच जाड निळी पट्टी दिसेल. हेही इलेक्ट्रोफोरेसिसच, इथेही वीजच प्रथिनांना ओढते, आणि तरी जो फरक पहिल्या तपासणीत ढळढळीत दिसला तो इथे नाहीसा झालेला असतो. यात जेल बिघडलेले नसते. उलट ते चोख चाललेले असते. जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीला प्रथिनाची फक्त लांबी कळते, बाकी काही कळत नाही. आणि बाकी काही कळू नये अशीच तिची रचना आहे.

पहिल्या तपासणीला काय दिसते ते आधी पाहू. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात चालवून पाहिले आणि ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने जाते असे दाखवले. एखादा आजार एकाच रेणूतल्या बिघाडाशी जोडला गेला तो तेव्हा. तो बिघाड नेमका कोणता, हे काही वर्षांनी व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे, तिथे सिकलसेलमध्ये व्हॅलिन असते. ग्लुटामिक आम्लावर एक ऋणभार असतो, व्हॅलिनवर काहीच नसतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत दोन बीटा साखळ्या असतात, म्हणजे अख्ख्या रेणूमागे दोन ऋणभार कमी झाले. धन टोकाकडची ओढ तेवढी घटली आणि हिमोग्लोबिन ‘एस’ मागे पडले.

म्हणजे साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये प्रथिन स्वतःच्या भारावर चालते. पण फक्त भारावर नाही. त्याचा आकार गोल आहे की लांबुडका, ते सुटे आहे की चौघांच्या टोळक्यात, ते किती मोठे आहे, या सगळ्यांचा परिणाम त्याच्या गतीवर होतो. त्यामुळे एखादे भरपूर भार असलेले मोठे प्रथिन कमी भाराच्या लहान प्रथिनाला मागे टाकून पुढे जाऊ शकते. दोन नमुने वेगळे आहेत की नाहीत हे अशा पट्टीवरून उत्तम कळते. पण पट्टीवरची जागा पाहून ‘या प्रथिनाचे वजन किती?’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण त्या एका जागेत तीनचार कारणे एकमेकांत मिसळलेली असतात.

वजन हवे असेल तर बाकीची कारणे पुसून टाकायला हवीत. १९६७ मध्ये शापिरो, विन्युएला आणि मायझेल यांनी त्यासाठी एसडीएस वापरण्याची पद्धत मांडली. दोन वर्षांनी वेबर आणि ऑसबॉर्न यांनी वजन ठाऊक असलेली चाळीस प्रथिने तिच्यावर चालवून तिची परीक्षा घेतली. १९७० मध्ये उलरिक लेम्ली यांनी टी-४ या जिवाणूभक्षक विषाणूच्या डोक्यातली प्रथिने वेगळी करताना तिला जे रूप दिले, तेच आज सर्वत्र चालते. त्यांचा तो छोटेखानी निबंध विज्ञानात सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या निबंधांपैकी एक आहे.

एसडीएस म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट. टूथपेस्टच्या किंवा शाम्पूच्या वेष्टणावर ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ असे लिहिलेले असते, ते हेच. बारा कार्बनची तेलकट शेपटी आणि टोकाला ऋणभार असलेले सल्फेटचे डोके, एवढाच हा रेणू. प्रथिन पाण्यात घडी घालून बसते तेव्हा आपली तेलकट अंगे आत दडवते. एसडीएसच्या शेपट्या नेमक्या त्या अंगांना जाऊन चिकटतात, घडी उसवतात आणि साखळी उलगडते. साखळीभर सल्फेटची डोकी बाहेर तोंड करून राहतात. ती सगळी ऋण असल्यामुळे एकमेकांना ढकलतात आणि साखळीला पुन्हा घडी घालू देत नाहीत.

प्रयोगशाळेत हे सगळे पाच मिनिटांत उरकते. नमुन्यात सॅम्पल बफर मिसळायचा आणि ९५ अंश सेल्सिअसला साधारण पाच मिनिटे ठेवायचे. बफरमध्ये एसडीएस असतेच. शिवाय ग्लिसरॉल असते, त्यामुळे नमुना जड होऊन जेलच्या खाचेत तळाशी बसतो. ब्रोमोफिनॉल ब्लू हा निळा रंग असतो, तो प्रथिनांच्या पुढे धावतो आणि जेल कुठवर आले ते दाखवतो. आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल असते. त्याचा वास एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही. काही प्रथिनांच्या साखळ्यांत, किंवा एकाच साखळीच्या दोन भागांत, गंधकाच्या अणूंचे टाके पडलेले असतात. ते एसडीएसने तुटत नाहीत, त्यांना हा दुर्गंधीवालाच लागतो. नाहीतर डीटीटी वापरतात, तेही तेच काम करते.

आता भार पुसला जातो म्हणजे काय होते ते बीटा साखळीवरच पाहू. नेहमीच्या परिस्थितीत एक ग्रॅम प्रथिनाला सुमारे १.४ ग्रॅम एसडीएस चिकटते, म्हणजे ढोबळ हिशेबाने दर दोन अमिनो आम्लांमागे एसडीएसचा एक रेणू. १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीवर असे सत्तर-पंच्याहत्तर रेणू बसले, आणि प्रत्येकाने एक ऋणभार आणला. साखळीचा स्वतःचा निव्वळ भार दोनचारच्या घरातला. तो या गर्दीत कुठल्या कुठे गेला. सिकलसेलच्या साखळीत एक ऋणभार कमी आहे, पण सत्तर-पंच्याहत्तरांत एक कमी झाला तर तो दिसणार कसा? पॉलिंग यांना ज्या भाराच्या फरकाने आजार सापडला, तोच फरक इथे एसडीएसखाली गाडला गेला.

इथे एक शंका हमखास येते. लांब साखळीवर एसडीएस जास्त बसते, म्हणजे तिच्यावर भार जास्त, म्हणजे तिला ओढ जास्त. मग लांब प्रथिने पुढे धावायला हवीत, पण जेलवर तर लहान प्रथिने पुढे असतात. याचे उत्तर पाठ्यपुस्तके बहुधा एका वाक्यात उरकतात. साखळी दुप्पट लांब झाली की ओढ दुप्पट होते हे खरेच, पण द्रवातून जाताना होणारा रोधही जवळजवळ दुप्पट होतो. दोन्ही एकमेकांना खातात. म्हणून एसडीएस चढवलेली प्रथिने नुसत्या द्रवात सोडून वीज लावली, तर लहान-मोठी सगळी जवळपास एकाच गतीने जातील आणि काहीच वेगळे होणार नाही. एसडीएस प्रथिनांना वेगळे करत नाही. ते सगळ्यांना एका पातळीवर आणून सोडते, आणि वेगळे करायचे काम जेलवर पडते.

जेल पॉलिॲक्रिलामाइडचे असते. ॲक्रिलामाइड आणि त्याच्या धाग्यांना आडवे जोडणारे बिस-ॲक्रिलामाइड यांच्या द्रावणात अमोनियम परसल्फेट आणि टेमेड घातले की अर्ध्या तासात काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये पारदर्शक थर जमतो. न जमलेले ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक असते, म्हणून हातमोजे घालूनच हे काम करायचे. जमलेल्या थरात सूक्ष्म धाग्यांचे जाळे तयार झालेले असते. बाभळीच्या दाट झुडपातून सुतळी ओढायची असेल तर वीतभर तुकडा सहज निघतो आणि दहा हात लांब सुतळी जागोजागी अडकते. साखळ्यांचे जेलमध्ये तेच होते. लांब साखळी मागे राहते, आखूड साखळी पुढे जाते, आणि किती मागे-पुढे ते केवळ लांबीवर ठरते. जाळे किती दाट हवे ते आपल्या हातात असते. हिमोग्लोबिनसारख्या लहान साखळ्यांसाठी १५ टक्क्यांचे जेल ओततात, मोठ्या प्रथिनांसाठी ८ टक्क्यांचे.

लेम्ली यांच्या पद्धतीत या जेलच्या वर आणखी एक विरळ जेल असते. त्याचे काम एवढेच, की खाचेत काही मिलिमीटर उंचीचा असलेला नमुना मुख्य जेलमध्ये शिरण्याआधी दाबून केसाएवढ्या पातळ रेघेत गोळा करायचा. सगळ्यांनी एकाच रेघेवरून निघावे म्हणून ही सोय. ती नसती तर पट्ट्या पसरट आल्या असत्या.

जेल चालून झाले की कूमासी ब्लू या रंगात बुडवतात, मग जादा रंग धुवून काढतात, आणि स्वच्छ पार्श्वभूमीवर निळ्या पट्ट्या उरतात. वजन वाचायला शेजारच्या रांगेत मार्कर चालवलेला असतो, म्हणजे वजन ठाऊक असलेल्या प्रथिनांचे मिश्रण. समजा, निळा रंग ६० मिलिमीटर खाली गेला तेव्हा आपण वीज बंद केली. मार्करमधले कार्बोनिक ॲनहायड्रेज, वजन २९ किलोडाल्टन, ३४ मिलिमीटरवर आहे. लायसोझाइम, १४.४ किलोडाल्टन, ५१ मिलिमीटरवर. (हिमोग्लोबिनचे तुकडे मोजायला किलोडाल्टन हे एकक सोयीचे, एका अमिनो आम्लाचे वजन सरासरी ११० डाल्टन धरतात.) म्हणजे १७ मिलिमीटर खाली येता येता वजन निम्मे झाले. या जेलवर समान अंतरामागे वजन समान पटीने घटते, समान किलोने नाही. म्हणून आलेखावर वजन तसेच न मांडता त्याचा लॉगॅरिदम मांडतात आणि मग बिंदू सरळ रेषेत येतात. आपल्या रक्ताच्या नमुन्याची जाड पट्टी ४८ मिलिमीटरवर आहे. २९ पासून १४ मिलिमीटर खाली, म्हणजे निम्म्याच्या किंचित अलीकडे. हिशेब केला की सुमारे १६ किलोडाल्टन येतात. बीटा साखळीचे खरे वजन १५.९ आहे, अल्फाचे १५.१. उत्तर बरोबर आले.

पण हिमोग्लोबिन तर ६४ किलोडाल्टनचे असते ना? असते. दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या मिळून ६४. एसडीएसने त्या चौघांची फारकत केली आणि जेलने एकेक साखळी मोजली. जेलवर ६४ च्या आसपास काहीच जाड दिसले नाही म्हणून रक्तात हिमोग्लोबिन नाही असे म्हणणारा विद्यार्थी दर वर्षी एखादा तरी असतो. जेल ‘आकार’ सांगते असे आपण म्हणतो तेव्हा तो उलगडलेल्या, सुट्या साखळीचा आकार असतो. जिवंत पेशीत प्रथिन कसे दिसते, कोणाबरोबर असते, काम करते की नाही, यातले काहीही त्या पट्टीत नसते.

हीच गोष्ट अँटिबॉडीवर जास्त स्पष्ट दिसते, कारण तिथे टाके गंधकाचे असतात. नमुना मरकॅप्टोइथेनॉल न घालता चालवला तर १५० किलोडाल्टनच्या जवळपास एकच पट्टी येते. तेच मरकॅप्टोइथेनॉल घालून चालवला तर ती नाहीशी होते आणि तिच्याऐवजी ५० आणि २५ ला दोन पट्ट्या येतात. दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या, बेरीज पुन्हा १५०. अँटिबॉडीची बांधणी दोन रांगांत समोर उभी राहते. इथे एक पथ्य पाळायचे. हे दोन नमुने शेजारशेजारच्या खाचांत भरू नयेत, मधे एक खाच रिकामी सोडावी. मरकॅप्टोइथेनॉल शेजारच्या रांगेत झिरपते आणि जिथे टाके तुटायला नकोत तिथेही अर्धेमुर्धे तोडून ठेवते. १५० च्या पट्टीच्या त्याच बाजूला खाली फिकट तुकडे दिसले तर हेच झाले असे समजावे.

आता सिकलसेलकडे वजनाच्या अंगाने पाहा. भार तर पुसला गेला; मग लांबीत किंवा वजनात काही फरक आहे का? लांबी तीच, १४६. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याने वजन ३० डाल्टनने घटते, १५,८६७ मधून ३०. वेबर आणि ऑसबॉर्न यांच्या चाळीस प्रथिनांतही या पद्धतीचे उत्तर खऱ्या वजनापासून दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होत होते. शेकडा पाव टक्क्याचा फरक तिच्या आवाक्यात नाही. १५.१ ची अल्फा आणि १५.९ ची बीटा यादेखील नेहमीच्या जेलवर एकाच जाड पट्टीत मिसळतात किंवा जेमतेम चिकटून दिसतात. तेव्हा सिकलसेल ओळखायला एसडीएस जेल वापरू नये. ज्या कामासाठी ते केलेले नाही ते त्याच्याकडून मागू नये.

बिघाडांचे म्हणाल तर बरेचसे डोळ्यांनी कळतात. सगळ्या पट्ट्या मधे खाली आणि कडांना वर अशा वाकड्या आल्या तर जेल मधे तापले, वीज कमी ठेवायला हवी होती. नमुना बफरात मिसळताच पांढरा साका धरला तर त्यात बहुधा पोटॅशियम आहे. पोटॅशियमबरोबर एसडीएस विरघळत नाही, खाली बसते. हे दोष दिसतात, म्हणून ते सुधारता येतात.

ज्या दोषात पट्टी स्वच्छ, सरळ, रेखीव येते आणि तरी वजन चुकीचे सांगते, तो दोष जास्त फसवा. सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: प्रत्येक प्रथिन आपल्या वजनाच्या प्रमाणात सारखेच एसडीएस उचलते. बहुतेक उचलतात, सगळी नाही. ज्यांच्या अंगावर साखरेच्या फांद्या असतात त्यांच्या साखरेला एसडीएस चिकटत नाही; ती प्रथिने मागे रेंगाळतात आणि त्यांची पट्टी धूसर, पसरट येते. पेशीच्या पटलातली तेलकट प्रथिने उलट जास्तीचे एसडीएस उचलून पुष्कळदा पुढे निघून जातात, आणि ९५ अंशाला तापवली तर गोळा होऊन खाचेतच अडकतात. अतिआम्ल प्रथिने हळू जातात, कारण स्वतःच ऋण असलेल्या साखळीकडे ऋण एसडीएस कमी फिरकते. फार बारकाईने चालवलेल्या काही जेलांवर एखाद्या अमिनो आम्लाच्या बदलानेही पट्टी किंचित सरकल्याची उदाहरणे आहेत. तेव्हाही त्या जागी एसडीएस कमी-जास्त बसले, हेच कारण देतात. म्हणजे जेलने फक्त लांबी सांगावी हे त्याच्या स्वभावाने ठरते, आणि ती बरोबर सांगावी हे एसडीएसच्या इमानावर.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कर्करोगाच्या संशोधनातले आहे. १९७९ मध्ये काही संशोधकांना एका विषाणूने बाधित पेशींत विषाणूच्या प्रथिनाला धरून बसलेले, पेशीचे स्वतःचे असे एक प्रथिन सापडले. एसडीएस जेलवर ते ५३ किलोडाल्टनच्या जागी दिसत होते, म्हणून त्याचे नाव पी-५३ पडले. पुढे त्याचा जनुक वाचला गेला तेव्हा माणसातल्या या प्रथिनात ३९३ अमिनो आम्ले निघाली, आणि त्यांचे वजन भरले ४३.७ किलोडाल्टन. त्यात एका ठिकाणी प्रोलिन या अमिनो आम्लाची दाटी आहे, आणि तिच्यामुळे ते जेलवर आपल्या वजनाच्या मानाने मागे पडते. जवळजवळ दहा किलोडाल्टनची चूक, तीही एका नीटनेटक्या पट्टीने केलेली. आज वजन नक्की हवे असेल तर प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटरवर तोलतात, आणि जेलवरच्या आकड्यामागे ‘सुमारे’ लावायचा हा प्रयोगशाळेतला शिरस्ता आहे. प्रथिनाचे नाव मात्र कोणी बदलले नाही. ते अजून पी-५३ च आहे.